दोन रेषांमधलं अंतर

इस्तंबूलच्या बोआझिची विद्यापीठात एथेम अल्पायदिन आणि जेंक कायनाक या दोघांनी ४३ माणसांकडून ० ते ९ हे आकडे हाताने लिहून घेतले. प्रत्येक आकडा ३२ बाय ३२ ठिपक्यांच्या काळ्या-पांढऱ्या चित्रात बसवला. मग त्या चित्राचे चार बाय चार ठिपक्यांचे छोटे चौकोन पाडले आणि प्रत्येक चौकोनात किती ठिपक्यांवर शाई आहे ते मोजलं. राहिली ती आठ बाय आठची जाळी, प्रत्येक घरात ० ते १६ यांपैकी एक संख्या. म्हणजे आपल्याला ‘सात’ दिसतो तिथे संगणकाला ६४ संख्यांची एक यादी दिसते. हा संग्रह १९९८ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. त्यातली ३० माणसांची चित्रं मॉडेलला शिकवायला आणि उरलेल्या १३ जणांची त्याची परीक्षा घ्यायला, अशी वाटणी संग्रह करणाऱ्यांनीच करून ठेवली होती. या वाटणीकडे शेवटी पुन्हा यावं लागेल.

परीक्षेसाठीची ती १,७९७ चित्रं पायथनच्या सायकिट-लर्न या लायब्ररीत आयती मिळतात आणि मशीन लर्निंग शिकणाऱ्या बहुतेकांची गाठ कधी ना कधी त्यांच्याशी पडते. संग्रह इतका लहान आहे की साध्या लॅपटॉपवर मॉडेल डोळ्याचं पातं लवेपर्यंत शिकून तयार होतं. त्यामुळे एखादं मॉडेल नेमकं कुठे बिघडलंय हे शोधायची सवय लावायला ही उत्तम जागा.

आपण एक डिसिजन ट्री घेऊ. हे मॉडेल चित्राला एकामागून एक प्रश्न विचारतं. अमुक घरातली संख्या साडेसातपेक्षा कमी आहे का? असेल तर डावीकडे जा, नसेल तर उजवीकडे. तिथे पुढचा प्रश्न. कोणता प्रश्न कुठे विचारायचा हे ते शिकवण्याच्या चित्रांवरूनच ठरवतं. आपण आडकाठी केली नाही, तर प्रत्येक फांदीच्या टोकाला एकाच आकड्याची चित्रं उरेपर्यंत ते फाटे फोडत राहतं. मग १,७९७ पैकी १,४३७ चित्रं शिकवायला दिली आणि त्याच चित्रांवर प्रश्न विचारले, तर उत्तरं शंभर टक्के बरोबर येतात. यात हुशारी काहीच नाही. चूक शून्य होईपर्यंत थांबायचंच नाही अशी मुभा दिल्यावर दुसरं काय होणार? बाजूला ठेवलेली ३६० चित्रं मात्र त्याने कधी पाहिलेली नाहीत. ती समोर ठेवली की साधारण पन्नासेक उत्तरं चुकतात, म्हणजे चौदा-पंधरा टक्के.

पाहिलेल्या चित्रांवरची चूक म्हणजे ट्रेनिंग एरर आणि न पाहिलेल्यांवरची चूक म्हणजे व्हॅलिडेशन एरर. पहिली शून्य आणि दुसरी पंधरा, तर मॉडेलने आकड्यांचं वळण शिकण्याऐवजी त्या त्या चित्रांची घोकंपट्टी केली आहे. यालाच ओव्हरफिटिंग म्हणतात. इथवरची गोष्ट कोणत्याही प्राथमिक पुस्तकात असते. खरी पंचाईत त्यापुढे होते. शून्य आणि पंधरा हे दोन आकडे हातात घेऊन करायचं काय? आणखी चित्रं गोळा करायची, झाड छाटायचं, की दुसरंच मॉडेल आणायचं? हे दोन आकडे म्हणजे एका क्षणाचं माप, आणि एका मापावरून कल कळत नाही. कल बघायचा असेल तर तेच माप वेगवेगळ्या ठिकाणी घ्यावं लागतं. लर्निंग कर्व्ह काढतात तो त्यासाठी.

पद्धत सोपी आहे. शिकवायला आधी फक्त १४३ चित्रं द्यायची आणि दोन्ही चुका मोजायच्या. मग चित्रं वाढवायची, नवीन झाड पहिल्यापासून वाढवायचं, पुन्हा मोजायचं. असं करत १,४३७ पर्यंत जायचं. आडव्या अक्षावर शिकवलेल्या चित्रांची संख्या, उभ्या अक्षावर चूक, आणि आलेखावर दोन रेषा. मोजताना एक गोष्ट सांभाळायची, कारण नवखे लोक नेमके तिथे घसरतात. ट्रेनिंग एरर मोजायची ती त्या खेपेला शिकवलेल्या चित्रांवरच. १४३ शिकवली असतील तर त्याच १४३ वर, सगळ्या १,४३७ वर नव्हे. व्हॅलिडेशन एरर मात्र दर खेपेला बाजूला ठेवलेल्या पूर्ण ३६० चित्रांवर मोजायची.

```python
import numpy as np
from sklearn.datasets import load_digits
from sklearn.tree import DecisionTreeClassifier
from sklearn.model_selection import learning_curve, ShuffleSplit

X, y = load_digits(return_X_y=True)
cv = ShuffleSplit(n_splits=30, test_size=0.2, random_state=0)
n, tr, va = learning_curve(
    DecisionTreeClassifier(random_state=0), X, y,
    train_sizes=np.linspace(0.1, 1.0, 8), cv=cv)

print(n)
print(1 - tr.mean(axis=1))
print(1 - va.mean(axis=1))
```

हे फंक्शन चूक देत नाही, अचूकता देतं, म्हणून शेवटच्या दोन ओळींत एकातून वजाबाकी केली आहे. `n_splits=30` म्हणजे चित्रं पिसून ३६० बाजूला काढण्याचा खेळ तीस वेळा करायचा आणि सरासरी घ्यायची. याची गरज का, ते साध्या हिशेबात दिसतं. पंधरा टक्के चूक ३६० चित्रांवर मोजली, तर केवळ कोणती चित्रं वाट्याला आली यावरून ते माप दोनेक टक्क्यांनी सहज वर-खाली होतं, कधी कधी चारनेही. एकाच वाटणीवर काढलेल्या आलेखात रेषा मध्येच किंचित उसळलेली दिसली की लोक तिच्यामागे कारणं शोधत बसतात. बहुतेक वेळा तिथे शोधण्यासारखं काही नसतं.

आता आपल्या मोकाट झाडाचा आलेख वाचू. ट्रेनिंगची रेषा आडव्या अक्षाला चिकटून आहे. १४३ चित्रं असोत की १,४३७, चूक शून्य. व्हॅलिडेशनची रेषा डावीकडे तीस ते चाळीस टक्क्यांच्या पट्ट्यात सुरू होते, आधी झपाट्याने आणि मग रमतगमत खाली येत पंधराच्या आसपास पोचते. दोन रेषांमध्ये शेवटपर्यंत रुंद फट आहे. मात्र उजव्या टोकालाही वरची रेषा सपाट झालेली नाही, तिला अजून उतार आहे. म्हणजे आणखी चित्रं दिली तर चूक आणखी उतरेल. चौदा-पंधरा हा नुसता आकडा पाहून हे कळलं नसतं.

उतरेल, पण कितपत? यासाठी १९९३ च्या एका कामाचा आधार घेता येतो. बेल लॅब्जमधल्या कोरिना कॉर्टेस, लॅरी जॅकेल, सारा सोला, व्लादिमिर वापनिक आणि जॉन डेंकर यांनी लर्निंग कर्व्हवरच एक निबंध लिहिला. त्यांची अडचण रोकडी होती. मोठ्या संग्रहावर मॉडेल शिकवायला त्या काळच्या यंत्रांना फार वेळ लागे. तेव्हा थोड्या माहितीवर शिकवून, पूर्ण माहितीवर कोणतं मॉडेल सरस ठरेल हे आधीच सांगता येईल का? त्यांनी असं मांडलं की व्हॅलिडेशनची चूक एका किमान पातळीकडे घातांकाच्या नियमाने उतरत जाते, म्हणजे माहिती ठरावीक पटीने वाढली की किमान पातळीच्या वर उरलेली चूक ठरावीक पटीने घटते. क्षमता बांधलेली असलेल्या मॉडेलची ट्रेनिंग एररही त्याच पातळीकडे खालून चढत येते.

हा नियम आपल्या झाडाला लावून पाहू. हिशेबासाठी गोल आकडे घेऊ. १४३ चित्रांवर ३५ टक्के, १,४३७ वर १५ टक्के. माहिती दहापट झाली आणि चूक निम्म्याहूनही कमी झाली, नेमकं सांगायचं तर ०.४३ पट. किमान पातळी शून्य आहे असं उदारपणे धरलं, तर चौदा हजार चित्रांवर चूक साडेसहा टक्क्यांच्या घरात जाईल. म्हणजे चूक निम्मी करायला चित्रं सुमारे साडेसहापट हवीत. इस्तंबूलच्या त्या संपूर्ण संग्रहात, ४३ माणसांची सगळी मिळून, ५,६२० चित्रं आहेत. याचा अर्थ असा की ‘डेटा वाढवा’ हा सल्ला इथे चुकीचा नाही, पण फार महागात पडणारा आहे.

आता दुसऱ्या टोकाचं मॉडेल घेऊ. तेच झाड, पण फक्त तीन पायऱ्यांचं: `max_depth=3`. प्रत्येक पायरीला दोन फाटे, म्हणजे शेवटी फार तर आठ टोकं. आणि ओळखायचे आकडे दहा! प्रत्येक टोक एकाच आकड्याचं नाव घेऊ शकतं, म्हणजे किमान दोन आकडे हे झाड जन्मात कधी उच्चारणारच नाही. संग्रहात प्रत्येक आकड्याची पावणेदोनशेच्या आसपास चित्रं आहेत, तेव्हा सुमारे १९ टक्के चूक तर बांधणीतच ठरून गेली. प्रत्यक्षात चूक त्याहून पुष्कळ मोठी, पन्नास टक्क्यांच्या अलीकडे-पलीकडे निघते. आलेखात ट्रेनिंगची रेषा सुरुवातीला थोडी खाली असते, कारण मोजक्या चित्रांवर आठ टोकांतही बरंच काही जमून जातं. चित्रं वाढत जातात तशी ती वर चढते, व्हॅलिडेशनची रेषा खाली उतरते आणि दोघी जवळजवळ येऊन आडव्या होतात. कॉर्टेस आणि मंडळींनी सांगितलेली सामाईक पातळी ती हीच. रेषा जवळ आहेत म्हणून ओव्हरफिटिंग नाही हे खरं, पण दोन्ही रेषा जिथे स्थिरावल्या तिथलं मॉडेल निरुपयोगी आहे. याला अंडरफिटिंग म्हणतात. या झाडाला एक लाख चित्रं दाखवली तरी फरक पडणार नाही, कारण त्याच्याजवळ दहा नावं घ्यायला जागाच नाही.

इथपर्यंत आलेला वाचक असं अनुमान काढेल की रुंद फट वाईट, म्हणून ती मिटवायची. कामावरच्या मंडळींचंही हेच होतं. मला वाटतं, लर्निंग कर्व्ह वाचण्यातली सगळ्यात मोठी गफलत ही आहे आणि ती याच झाडावर दाखवता येते.

मोकाट झाडाला एक अट घालू: कोणत्याही टोकाला किमान पाच चित्रं हवीत, एकट्यादुकट्या चित्रासाठी फांदी फोडायची नाही. सायकिट-लर्नमध्ये ही अट `min_samples_leaf=5` अशी लिहितात. आता झाडाला सगळं पाठ करणं अशक्य झालं. ट्रेनिंग एरर शून्यावरून उठून पाच टक्क्यांच्या पुढे-मागे जाते. फट आधीपेक्षा अरुंद झाली, आलेख अधिक सभ्य दिसू लागला. पण व्हॅलिडेशनची रेषा? ती जवळपास होती तिथेच राहते, कधी किंचित वरही सरकते. फट मिटली ती खालची रेषा वर आल्यामुळे, वरची खाली आल्यामुळे नव्हे. ज्या ३६० चित्रांसाठी हा खटाटोप, त्यांच्या पदरात काही पडलं नाही. टपालाच्या पाकिटावरचा पिन कोड वाचायला हे मॉडेल बसवलं, तर चुकीच्या गावी जाणारी पाकिटं आधीइतकीच राहतील. मॉडेल आता जरा प्रामाणिक झालं, इतकंच.

दुसरा उपाय करून पाहू. झाड छाटायचं नाही. त्याऐवजी शंभर मोकाट झाडं वाढवायची. प्रत्येक झाडाला १,४३७ चित्रांतून चिठ्ठ्या टाकून निवडलेली चित्रं द्यायची, त्यात एखादं चित्र दोनदा येईल, एखादं येणारही नाही. शिवाय प्रत्येक फाट्यावर ६४ पैकी काही थोड्याच घरांतून प्रश्न निवडायची परवानगी. मग नवं चित्र आलं की शंभर झाडांनी कौल द्यायचा. याचं नाव रँडम फॉरेस्ट. याची ट्रेनिंग एरर पुन्हा शून्य, म्हणजे पाठांतर तसंच. पण व्हॅलिडेशन एरर पंधरावरून दोन-तीन टक्क्यांवर येते. चित्रं तीच, संख्या तीच. चौदा हजार चित्रं लिहून घेऊनही एकट्या झाडाला जे जमलं नसतं, ते शंभर झाडांच्या सरासरीने साधलं.

हे कसं झालं, ते समजलं की आलेखातली फट खरं काय सांगत होती तेही उमगतं. एकट्या मोकाट झाडाचा दोष असा की ते फार चंचल असतं. शिकवण्याच्या चित्रांतली थोडी बदला, की वरचाच एखादा प्रश्न बदलतो आणि खालचं सगळं झाड वेगळं होतं. त्याच्या चुका एका बाजूला झुकलेल्या नसतात. त्या झाडागणिक वेगवेगळ्या चित्रांवर पडतात. संख्याशास्त्रात या चंचलतेला व्हेरिअन्स म्हणतात आणि सरासरी काढणं हा तिच्यावरचा जुना, खात्रीचा उतारा आहे. उलट तीन पायऱ्यांची शंभर झाडं घेतली तर कौलाने सुधारणा होते, पण ती अशी खाली येत नाही, कारण तिथे प्रत्येक झाडाची कुवतच तोकडी आहे.

तेव्हा फट हे लक्षण म्हणून वाचायचं आणि निकाल मात्र व्हॅलिडेशनच्या रेषेच्या उंचीवर द्यायचा. ट्रेनिंग एरर शून्य आहे एवढ्यावरून मॉडेलला नापास करण्यात अर्थ नाही, आणि पास करण्यात तर त्याहून नाही. २०१७ मध्ये चियुआन झांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या एका निबंधाने हे जरा धक्कादायक रीतीने दाखवलं. त्यांनी सीफार-१० या संग्रहातली ५०,००० छायाचित्रं घेतली आणि त्यांची नावं मुद्दाम चिठ्ठ्या टाकून बदलली. मांजराला ट्रक, विमानाला बेडूक. नेहमीच्या न्यूरल नेटवर्कने ती निरर्थक नावंही पाठ केली, ट्रेनिंग एरर शून्यावर आली. नव्या चित्रांवर अर्थातच ती नुसती अटकळ होती, दहा प्रकारांत दहातली नऊ उत्तरं चुकणारी. खरी नावं दिल्यावर तीच नेटवर्क ट्रेनिंगवर शून्य गाठून नव्या चित्रांवरही चांगली चालत. ट्रेनिंगची रेषा दोन्हीकडे एकाच ठिकाणी टेकलेली. ती एकटीच पाहणाऱ्याला काय कळणार?

न्यूरल नेटवर्कचा विषय निघाला म्हणून एक खुलासा. त्या क्षेत्रात लर्निंग कर्व्ह म्हटलं की बहुधा वेगळाच आलेख समोर येतो. तिथे आडव्या अक्षावर चित्रांची संख्या नसते, तर सगळी चित्रं किती वेळा फिरवून दाखवली, म्हणजे किती इपॉक झाले, ते असतं. मॉडेल एकच, ते शिकत असताना मध्ये मध्ये घेतलेली ही मापं. ट्रेनिंगची रेषा उतरत राहते, व्हॅलिडेशनची काही काळ उतरून तळ गाठते आणि मग हळूहळू चढू लागते. त्या तळाशी मॉडेलची प्रत राखून ठेवायची आणि पुढे ठरावीक इपॉक वाट पाहूनही सुधारणा दिसली नाही तर थांबायचं, हा रिवाज. आणखी माहिती गोळा करून फायदा होईल का, या प्रश्नाला मात्र हा आलेख उत्तर देत नाही. त्यासाठी आधीचाच हवा.

या दुसऱ्या आलेखात एक चकवा हमखास भेटतो. उभ्या अक्षावर बहुतेक वेळा चुकांची टक्केवारी नसते, लॉस असतो. मॉडेल प्रत्येक आकड्याला संभाव्यता देतं आणि बरोबर उत्तराला जितकी कमी दिली तितका दंड जास्त. समजा एका वाईट अक्षरातल्या ‘नऊ’ला मॉडेलने ‘चार’ म्हटलं, पण ‘नऊ’ असण्याची शक्यताही ०.३ दिली. दंड १.२. दहा इपॉकनंतर ते अजूनही ‘चार’च म्हणतं, पण आता इतक्या ठामपणे की ‘नऊ’ला उरतात ०.०१. दंड ४.६. चूक एकच होती, एकच राहिली, लॉस मात्र जवळजवळ चौपट झाला. अशी मोजकी चित्रं असली तरी व्हॅलिडेशनचा लॉस चढताना दिसतो आणि त्याच वेळी चुकांची टक्केवारी स्थिर असते किंवा घटतही असते. मॉडेल बिघडत नसतं असं नाही. ते फाजील आत्मविश्वासाने बोलू लागलेलं असतं. फक्त उत्तर हवं असेल तर टक्केवारी पाहावी. संभाव्यतेवर पुढचा निर्णय ठरणार असेल, उदाहरणार्थ शंका असलेली पाकिटं माणसाकडे पाठवायची असतील, तर लॉस पाहावा. दोन्ही रेषा काढून ठेवायला फारसं काही लागत नाही.

याच आलेखात कधी कधी व्हॅलिडेशनची रेषा ट्रेनिंगच्या खाली गेलेली दिसते आणि माणूस गोंधळतो. न पाहिलेलं पाहिलेल्यापेक्षा चांगलं कसं येईल? बहुधा मोजण्याच्या पद्धतीतच त्याचं उत्तर असतं. शिकताना ड्रॉपआउट लावलेला असेल तर नेटवर्कचे काही भाग मुद्दाम बंद ठेवलेले असतात, व्हॅलिडेशनच्या वेळी ते सगळे चालू होतात. शिवाय केरास लायब्ररी ट्रेनिंगचा जो लॉस दाखवते तो संपूर्ण इपॉकभराची सरासरी असतो, व्हॅलिडेशनचा मात्र इपॉक संपल्यावर, अधिक शिकलेल्या मॉडेलवर मोजलेला. शंका असेल तर ट्रेनिंगची चित्रंही इपॉक संपल्यावर, ड्रॉपआउट बंद ठेवून पुन्हा मोजावीत. रेषा बहुतेक वेळा जागेवर येतात.

आता ४३ माणसांच्या त्या वाटणीकडे. सायकिट-लर्नमधली १,७९७ चित्रं ही परीक्षेच्या वाट्याची, म्हणजे १३ जणांच्याच हातची. ती ओळीने ठेवलेली आहेत, एका माणसाची सव्वाशे-दीडशे चित्रं, मग दुसऱ्याची. आपण ती पिसली तेव्हा प्रत्येकाचं अक्षर शिकवण्याच्या ढिगातही गेलं आणि बाजूला ठेवलेल्या ढिगातही. एखादा माणूस सातच्या पोटात आडवी रेघ मारत असेल, तर त्याची ती लकब मॉडेलने आधीच पाहिलेली आहे. बाजूला ठेवलेली चित्रं नवी, पण हात ओळखीचा.

याचा फरक मोजता येतो. लॉजिस्टिक रिग्रेशनसारखं साधं मॉडेल घेतलं आणि चित्रं पिसून तपासलं, तर चूक तीन-चार टक्के निघते. त्याऐवजी न पिसता ओळीने १३ तुकडे पाडले, म्हणजे `KFold(n_splits=13)`, तर प्रत्येक तुकडा साधारण एकेका माणसाचा होतो आणि मॉडेलची गाठ खऱ्या अर्थाने अनोळखी हाताशी पडते. चूक सात-आठ टक्क्यांवर जाते. म्हणजे दुप्पट. वर आपण झाडांचे जे सगळे आकडे पाहिले तेही पिसलेल्या वाटणीवरचे आहेत, तेव्हा तेही मवाळच समजायचे. त्यांची आपसातली तुलना चालते, पण पोस्टात बसवल्यावर हीच चूक राहील असं कुणाला लिहून देऊ नये.

ओव्हरफिटिंगची ही जात आलेखात दिसत नाही, हे तिचं वैशिष्ट्य. ट्रेनिंगच्या रेषेसारखीच व्हॅलिडेशनची रेषाही लाडावलेली असते, दोघी जवळ येतात, सगळं आलबेल वाटतं. आलेख काढण्याआधीच विचारायला हवं की मॉडेल उद्या कोणत्या अर्थाने नवं काही पाहणार आहे. नवं चित्र, नवा माणूस, नवं शहर की पुढचं वर्ष? ज्या अर्थाने नवं, त्याच अर्थाने व्हॅलिडेशनचा ढीग वेगळा काढायचा. माणसांची नोंद हाताशी असेल तर `GroupKFold` हे काम चोख करतं. इथे ती नोंद चित्रांसोबत दिलेली नाही, म्हणून ओळीने तुकडे पाडून भागवावं लागतं.

असे ओळीने तुकडे पाडून लर्निंग कर्व्ह काढायचा तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. `learning_curve` हे फंक्शन शिकवण्याच्या ढिगातली पहिली १४३ चित्रं, मग पहिली काही शे, अशी वरून घेत जातं. ढीग पिसलेला नसेल तर पहिली १४३ म्हणजे जेमतेम एका माणसाचं अक्षर. मग डावीकडची चूक अवाच्या सवा मोठी दिसते आणि प्रत्येक नव्या माणसाची भर पडली की रेषा पायरी उतरल्यासारखी खाली येते. तो उतार चित्रांच्या संख्येचा आहे की माणसांच्या, ते मग सांगता येत नाही. त्यावर उपाय म्हणजे त्याच फंक्शनला `shuffle=True` सांगणं. त्याने फक्त शिकवण्याचा ढीग पिसला जातो, बाजूला काढलेला माणूस बाजूलाच राहतो. अर्थात चित्रं किती यापेक्षा माणसं किती हाच प्रश्न महत्त्वाचा वाटत असेल, तर आडव्या अक्षावर सरळ माणसंच मांडावीत: एक माणूस, दोन, तीन, असं बारापर्यंत, आणि तेरावा परीक्षेला. आणखी कुणाकडून आकडे लिहून घ्यायला जायचं की आहेत त्यांच्याकडूनच जास्त लिहून घ्यायचे, हे त्या आलेखावरून ठरतं.